उपकंपनीच्या ताळेबंदातला तोटा आधी हेज करायचा का?

खतावणी: आमचे हिशेब डॉलरमध्ये. युरोपात व्हॉल्व्ह निर्यात करतो, बिल युरोत, ९० दिवसांची उधारी. सध्या १० लाख युरो येणं आहे. तिथे एक उपकंपनीही आहे, तिची निव्वळ मालमत्ता ५० लाख युरो. या तिमाहीत युरो १.१० डॉलरवरून १.०४ वर आला. येण्यावर ६० हजार डॉलरचा तोटा, उपकंपनीपायी ३ लाखांचा. संचालक म्हणतात, मोठा आकडा आधी हेज करा, पुढे दर फिरला तरी झळ नको. बरोबर आहे का?

रोजमेळ: नाही. ६० हजार खरोखर गेले. ग्राहक १० लाख युरोच देणार, पण बँक त्याचे ११ लाखांऐवजी १०.४ लाख डॉलर देणार. हे ट्रान्झॅक्शन एक्स्पोजर.

उपकंपनीत काय झालं? काहीच नाही. यंत्रं तीच, युरोतला नफा तोच. फक्त तिचा ताळेबंद डॉलरमध्ये मांडताना दर बदलला. तो फरक इक्विटीतल्या ट्रान्सलेशन रिझर्व्हमध्ये जाऊन बसतो आणि उपकंपनी विकेपर्यंत नफातोट्याला शिवत नाही. आता तो हेज करायला ५० लाख युरो १.०४ ला फॉरवर्ड विकले, म्हणजे पुढच्या तारखेला याच दराने द्यायचं आजच ठरवलं, आणि युरो परत १.१० झाला, तर बँक ३ लाख डॉलर रोख मागेल. समोरचा ३ लाखांचा फायदा कागदावरच असेल, त्यातून बँकेचे पैसे चुकते होत नाहीत.

तिढा: ‘कागदी’ म्हणून झटकणं सोपं आहे. कर्जाच्या करारात कर्ज-इक्विटी गुणोत्तराची अट असली आणि तुम्ही मर्यादेला टेकलेले असाल, तर हाच कागदी आकडा व्याज वाढवतो. आणि फॉरवर्डच कशाला? युरोत कर्ज काढा. नेट इन्व्हेस्टमेंट हेज म्हणून दाखवलं की कर्जावरचा विनिमय फरकही त्याच रिझर्व्हमध्ये जातो. व्याज उपकंपनीच्या लाभांशातून द्या.

रोजमेळ: कर्ज मान्य, लाभांश नियमित येत असेल तर. पण आधी करारातली इक्विटीची व्याख्या वाचा. काही करारांत हा रिझर्व्ह धरतच नाहीत. मग संचालकांची झोप उगाच उडालीय.

दुपदरी: आमचं उलटंच झालं. उपकंपनीला २० लाख युरो कर्ज दिलेलं. एकत्रित हिशेबात आपसातलं देणंघेणं कटतं, म्हणून निर्धास्त होतो. तरी नफातोट्यात १ लाख २० हजारांचा फटका आला! ऑडिटरचंच चुकलं असणार.

रोजमेळ: ऑडिटर बरोबर आहे. कर्जाची शिल्लक कटते, विनिमय फरक कटत नाही. तुमच्या हिशेबात युरोतलं येणं उतरलं. तिकडे हिशेबच युरोत, त्यामुळे त्यांना तेवढा फायदा दिसला नाही. मग कटणार कशाशी? परतफेड ठरलेली नसेल आणि नजीकच्या काळात होण्याची शक्यताही नसेल, तर आयएएस २१ या लेखामानकाप्रमाणे एकत्रित हिशेबात हा फरक रिझर्व्हमध्ये नेता येतो. पण हप्ते येत असतील तर हे गळी उतरणार नाही. आणि तिमाहीच्या शेवटच्या दिवशी ‘परतफेड नाही’ असा ठराव केलात, तर ऑडिटर भुवया उंचावणारच.

साधाहिशेब: एवढा काथ्याकूट कशाला? प्रत्येक बिलावर फॉरवर्ड घ्या, विषय संपला.

भट्टी: बिलाचा संपला, धंद्याचा नाही. समजा व्हॉल्व्ह १०० युरोला विकता, खर्च ९५ डॉलर. १.१० ला हातात ११० डॉलर येतात, १५ सुटतात. १.०४ ला १०४ येतात, ९ सुटतात. आजच्या बिलांना फॉरवर्ड वाचवेल, पण पुढच्या वर्षीच्या ऑर्डरींचं बिलच अजून फाटलेलं नाही. जुना मार्जिन हवा तर भाव १०६ युरो करावा लागेल. ज्याचा खर्चच युरोत आहे, तो स्पर्धक १०० वरच बसेल. ऑर्डर तिकडे गेली तर ती कुठल्याच खात्यात तोटा म्हणून दिसणार नाही. हे इकॉनॉमिक एक्स्पोजर, आणि खतावणींच्या दोन्ही आकड्यांत ते नाही. तुमची उपकंपनी सुटे भाग तुमच्याकडून डॉलरमध्ये घेत असेल, तर तिचाही खर्च वाढला.

साधाहिशेब: मग पाच वर्षांचे फॉरवर्ड घ्या.

भट्टी: आणि ऑर्डर आल्याच नाहीत तर? युरो द्यायचे कुठून? त्यापेक्षा जुळणी उपकंपनीत हलवा, म्हणजे खर्चही युरोत येईल.

तिढा: हलवा की! तिकडे यंत्रं घातली की निव्वळ मालमत्ता ५० लाखांची ७० होईल आणि पुढच्या घसरणीत ताळेबंदातला खड्डा आणखी मोठा. हेच संचालक पुन्हा विचारतील.

भट्टी: यंत्रांचा पैसा तिथेच युरोत कर्जाऊ घेतला तर वाढणार नाही.

तिढा: मग गुणोत्तरात कर्ज वाढलं, त्याचं काय?

खतावणी: करार काढून वाचला. इक्विटी ‘ताळेबंदाप्रमाणे’ एवढंच लिहिलंय, म्हणजे रिझर्व्ह धरलेला. मर्यादा जवळच आहे. १० लाखांचा फॉरवर्ड उद्या करतो. जुळणी हलवायची की नाही, यावर तुम्ही दोघं भांडा, मी वाचतोय.