व्हीपीएन लावून प्रवासातून लॉगइन केलं तर 'संशयास्पद' म्हणून ब्लॉक, पासवर्ड बरोबर असूनही – मदत हवी आहे

वाटसरू:
कामासाठी सध्या सिंगापूरला आलेय. काल रात्री हॉटेलच्या वायफायवर लॅपटॉप जोडला, सार्वजनिक वायफाय म्हणून आधी व्हीपीएन चालू केलं (त्याने आपोआप फ्रँकफर्टचा सर्व्हर घेतला) आणि ९:१० ला ऑफिसच्या मेलला लॉगइन करायला गेले. पासवर्ड बरोबर होता, तरी सरळ 'हे साइन-इन संशयास्पद वाटल्याने थांबवले आहे' असं आलं, कोडसुद्धा विचारला नाही. मग मी व्हीपीएनचा देश बदलून अमेरिका केला, नंतर आपला देश केला, इनकॉग्निटोमधून बघितलं, पासवर्ड रीसेट करायला गेले तर तेही नाकारलं. असं अर्ध्या तासात सहा-सात वेळा झालं.
गंमत नाही, खरंच कळत नाहीये, कारण त्याच वेळी फोनवर तोच मेल व्यवस्थित चालू आहे, नेहमीच्या सिमवर, रोमिंग डेटा घेतलाय. माणूस एकच, फोन हातात, मग लॅपटॉपवरच मी चोर कशी? हे ठरवतं कोण आणि कशावरून? गुरुवारी प्रेझेंटेशन आहे, फाइल मेलमध्ये अडकलीये.

नेटकर_४२:
सोपं आहे, तुमच्या अकाउंटवर एक देश नोंदलेला असतो, आयपी दुसऱ्या देशाचा दिसला की ब्लॉक. शिवाय लॅपटॉपचा मॅक अ‍ॅड्रेस पण त्यांच्याकडे जातो त्यामुळे व्हीपीएन लावून उपयोग नाही. व्हीपीएनमध्ये स्वतःचा देश निवडून करा, होईल.

वाटसरू:
आपला देश निवडूनच तिसऱ्यांदा केलं होतं, तरी नाही झालं.

निळी_छत्री:
मला पण हाच त्रास, व्हीपीएन लावलं की सिनेमाच लागत नाही, प्रॉक्सी वापरताय म्हणून एरर येतो. दोन व्हीपीएन बदलून झाले. कुणाला चालणारं माहीत असेल तर सांगा.

शांत_माणूस:
@निळी_छत्री, तुमचं वेगळं आहे. तिथे हक्क कुठल्या देशाचे आहेत एवढंच बघतात, तुम्ही कोण याच्याशी संबंध नसतो. वेगळा धागा काढा.

@वाटसरू, मी बरीच वर्षं कंपनीच्या लॉगइन सिस्टीमचं काम केलंय, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. नेटकर यांचं अर्धं बरोबर आहे, देश बघतात, पण तो एकटा बघत नाहीत. आणि मॅक अ‍ॅड्रेस हॉटेलच्या राउटरच्या पुढे जातच नाही, वेबसाइटला तो दिसत नाही.

आता तुमच्या फोनपासून सुरुवात करू. रोमिंगमध्ये डेटा बहुतेक वेळा आधी तुमच्या घरच्या कंपनीकडे जातो आणि तिथून इंटरनेटवर बाहेर पडतो. म्हणजे तुम्ही सिंगापूरला असलात तरी फोनचा आयपी घरचाच दिसतो. फोन दर काही मिनिटांनी मेल ओढत असतो, समजा ९:०८ ला ओढला, तर सिस्टीमच्या लेखी तुम्ही ९:०८ ला घरी होता आणि ९:१० ला फ्रँकफर्टला. मध्ये हजारो किलोमीटर आणि हातात दोन मिनिटं, विमानाचा वेग ताशी ९०० च्या आसपास धरला तरी बसत नाही. त्यानंतर तुम्ही अमेरिका केलंत. सिंगापूर तर त्यांना कधी दिसलंच नाही, जिथे तुम्ही खरंच आहात.

दुसरं, आयपी घरगुती इंटरनेट कंपनीचा आहे की सर्व्हर भाड्याने देणाऱ्या डेटासेंटरचा, हे नोंदींवरून कळतं. बहुतेक व्हीपीएनचे आयपी डेटासेंटरचे असतात. वर एकाच आयपीमागे शेकडो माणसं, त्यातलं कोणी चोरलेले पासवर्ड हजारो अकाउंटवर लावून बघत असतं, तो डाग तुम्हालाही लागतो. म्हणून आपला देश निवडूनही झालं नाही, देश ओळखीचा झाला पण नेटवर्क अनोळखीच राहिलं.

तिसरं म्हणजे ब्राउझर. आधीच्या लॉगइनच्या वेळी ठेवलेली कुकी हा तुमच्या बाजूचा मोठा पुरावा असतो. इनकॉग्निटो उघडलंत तेव्हा तो पुरावा स्वतःच बाजूला ठेवलात. हे सगळं मिळून एक अंदाज निघतो: कमी धोका तर आत, मध्यम तर कोड मागा, जास्त तर दार बंद. मर्यादा कुठे ठेवायची ते तुमच्या ऑफिसने ठरवलेलं असतं. पासवर्ड बरोबर असणं यात फारसं उपयोगी पडत नाही, कारण चोराकडेही बरोबरच पासवर्ड असतो. आणि प्रत्येक नव्या देशातून केलेला प्रयत्न आधीच्या संशयात भर घालतो.

आता करा काय: आधी थांबा, तासभर काही करू नका. मग व्हीपीएन बंद, हॉटेलचं वायफाय बंद, फोनचा हॉटस्पॉट चालू करून लॅपटॉप त्यावर जोडा. आता लॅपटॉप फोनच्याच वाटेने, घरच्याच कंपनीच्या आयपीने बाहेर पडेल. नेहमीच्या ब्राउझरमध्ये, नेहमीच्या प्रोफाइलवर, एकदाच प्रयत्न करा. रोमिंग डेटा महाग असतो, तेव्हा आधी लॅपटॉपचे अपडेट आणि फाइल सिंक थांबवा. तरी नाही झालं तर ऑफिसच्या अ‍ॅडमिनला फोन करा, तुम्ही वेळा सांगितल्या की त्यांना लॉगमध्ये लगेच सापडेल.

खिडकीपाशी:
हॉटस्पॉटबद्दल एक सांगते, माझं उलटं झालं होतं. मी घरचं सिम नाही, प्रवासाचं स्वस्त ईसिम घेतलं होतं, आणि त्याचा डेटा तिसऱ्याच देशातून बाहेर पडत होता जिथे मी कधी गेलेच नव्हते. बँकेने दोन दिवस अडवलं. त्यात ओटीपी घरच्या नंबरवर आणि ते सिम मी काढून ठेवलेलं. तेव्हापासून ऑथेंटिकेटर अ‍ॅप वापरते, त्याचे कोड फोनमध्येच तयार होतात, नेटवर्क लागत नाही. बॅकअप कोडही कागदावर लिहून नेते.

शांत_माणूस:
बरोबर, प्रवासी ईसिमचं असं होतं. म्हणून हॉटस्पॉटवर गेल्यावर आधी आपला आयपी कुठला दिसतोय ते बघा, मग लॉगइन करा.

वाटसरू:
झालं!! आयपी घरचा दिसला, नेहमीच्या ब्राउझरमधून केलं, कोड मागितला, अ‍ॅपमधला टाकला आणि आत गेले. फाइल उतरवून घेतली. मनापासून आभार.
अ‍ॅडमिनशीही बोलले. आमच्याकडे मायक्रोसॉफ्ट एन्ट्रा आहे, त्याने सांगितलं की लॉगमध्ये आधी Unfamiliar sign-in properties होतं, आणि Atypical travel काही तासांनी येऊन पडलं, तेव्हा तर मी झोपले होते. त्याने Dismiss user risk केलं म्हणे. पण झोपेत कसा प्रवास केला मी?

शांत_माणूस:
पहिली तपासणी लॉगइन होतानाच चालते, Atypical travel मात्र नंतर, जुन्या नोंदी शेजारी ठेवून काढतात, म्हणून उशिरा दिसलं. प्रयत्न आदल्या रात्रीचेच. ते नव्या माणसाची सवय शिकायलाही वेळ घेतं, १४ दिवस किंवा १० लॉगइन, जे आधी होईल ते. तुमचं अकाउंट जुनं आहे, म्हणजे घरची सवय पक्की, तेवढाच बदल जास्त डोळ्यात भरला.

नेटकर_४२:
मॅक अ‍ॅड्रेसचं चुकलं माझं, मान्य. पण मग स्वतःचा एकट्याचा आयपी देणारं व्हीपीएन घेतलं तर कटकट संपेल ना?

शांत_माणूस:
काही प्रमाणात. इतरांचा डाग लागणार नाही, आणि रोज तोच आयपी दिसला तर हळूहळू ओळखीचा होतो. पण डेटासेंटरचा शिक्का राहतो, आणि फोन व्हीपीएनबाहेर असेल तर दोन जागी दिसणं चालूच. व्हीपीएन ऑफिसचंच असेल तर अ‍ॅडमिन त्याचे आयपी विश्वासू ठिकाण म्हणून नोंदवू शकतो, ते जास्त बरं. मेलच्या पानापुरतं म्हणाल तर ते एचटीटीपीएसवर असतंच, हॉटेलच्या वायफायवर व्हीपीएनशिवाय लॉगइन केल्याने पासवर्ड उघडा पडत नाही. सर्टिफिकेटची वॉर्निंग आली तर मात्र तिथेच थांबायचं.

वाटसरू:
आज सकाळी हॉटेलच्या वायफायवर, व्हीपीएन न लावता, लॅपटॉप चालला. पण आता फोनवरचा मेल लॉगआउट झालाय, जो इतके दिवस नीट होता! पासवर्ड मी बदललेला नाही. हे अ‍ॅडमिनने केलं की आपोआप?

शांत_माणूस:
दोन्ही शक्य आहे. त्याने सगळी सेशन्स रद्द केली का ते विचारा, आणि नसतील केली तर फोनवर नक्की काय मेसेज आला तो इथे टाका.