प्रवासाच्या अल्बमला एकच रंगछटा द्यावी का, आणि दिलीच तर कोणती?

धुक्यातला वाटसरू :
चार दिवसांच्या डोंगरभटकंतीतली १४० छायाचित्रे निवडून ठेवली आहेत. पहाटेचे धुके, दुपारचे तळे आणि रात्रीची शेकोटी असे त्यांचे साधारण तीन गट पडतात. सगळी रॉ स्वरूपात आहेत. संपूर्ण अल्बमला एकच कलर ग्रेडिंग करावे असे मनात आहे, परंतु ते उबदार असावे, थंड असावे की फिकट, हे ठरत नाही. दहा वर्षांनी अल्बम उघडल्यावर ‘हे त्या काळचे खूळ’ असे वाटू नये, एवढीच इच्छा आहे.

मंदछटा :
माझे मत स्पष्ट आहे, फिकट छटा घ्यावी. उबदार रंग अतिगोड वाटू लागतात आणि थंड रंग जाहिरातीसारखे दिसतात. रंग थोडे उतरवले आणि काळा भाग किंचित राखाडी केला की चित्र शांत होते. ज्यात भडक काही नाही, ते लवकर जुने होण्याचा प्रश्नच येत नाही. मी गेली सहा वर्षे सर्व अल्बमांना हाच एक प्रीसेट लावत आहे.

काळाकरडा :
यातील निम्मे म्हणणे मला मान्य आहे. रंगांची तीव्रता थोडी कमी केल्याने चित्राचे सहसा नुकसान होत नाही. मात्र काळा भाग राखाडी करणे हीच सर्वांत लवकर ओळखू येणारी खूण आहे. इन्स्टाग्राम २०१० साली आले, त्यानंतरच्या काही वर्षांतली फिल्टर लावलेली छायाचित्रे काढून पाहा. त्यांचा काळ सर्वप्रथम कशावरून कळतो? उबदारपणावरून नव्हे, तर सावल्यांवर पसरलेल्या त्या दुधी पडद्यावरून. शिवाय ती छटा मुळात जुन्या रंगीत छापांची नक्कल होती. त्या छापांतील रंगद्रव्ये उडून गेल्यामुळे काळा रंग पातळ झाला होता. कागदाला झालेला आजार आपण हौसेने नव्या चित्राला का लावावा?

टोन कर्व्हचे खालचे टोक ० वरून ३० वर उचलले तर पडद्यावर ते मोहक दिसते, परंतु छापील अल्बममध्ये कागदाचा काळा रंग आधीच पडद्याइतका गडद नसतो. त्यामुळे तिथे तेच चित्र धूळ बसल्यासारखे दिसते. उचलायचेच असेल तर ८ ते १० च्या पुढे जाऊ नये.

छापखाना :
छापाचा विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. माझ्या अल्बमचे छाप पडद्यापेक्षा फारच काळपट आले, तेव्हा ग्रेडिंग उबदार केले असते तर ते उजळले असते का?

काळाकरडा :
नाही, तो रंगछटेचा दोष नाही. तुमचा पडदा बहुधा जास्त प्रखर ठेवलेला आहे, त्यामुळे तुम्ही चित्र गरजेपेक्षा गडद करून सोडता. पडद्याचा प्रखरपणा उतरवून तेच चित्र पुन्हा पाहा. मूळ प्रश्न मात्र वेगळा आहे.

प्रकाशमापी :
मला वाटते, ‘एकच छटा’ या शब्दांतच घोटाळा आहे. अल्बम एकसंध दिसावा ही इच्छा योग्य आहे, परंतु सर्व चित्रांना एकच आकडा लावल्याने ती पूर्ण होत नाही, कारण मूळ प्रकाशच वेगवेगळा आहे. समजा, आपण ७२०० केल्विन हा उबदार व्हाइट बॅलन्स सर्वत्र लावला. दुपारचे तळे बरे दिसेल, पहाटेचे धुके मात्र पिवळसर होऊन धुरासारखे भासेल. शेकोटीजवळच्या चेहऱ्यांचे तर हाल होतील. लाल चॅनल उजव्या भिंतीला जाऊन आदळेल आणि गालांवर तपशील नसलेले सपाट नारिंगी ठिपके उमटतील. हिस्टोग्राममध्ये केवळ लाल रेषा उजव्या कडेला उभी राहिलेली दिसली, तर हेच घडले आहे असे समजावे.

माझी रीत अशी आहे. धुक्याच्या चित्रात एखादा राखाडी खडक शोधून त्यावर व्हाइट बॅलन्सचा पिपेट टेकवावा. समजा ६८०० आले. तो तटस्थ बिंदू झाला, पण तिथे थांबलो तर पहाटेचा गारवाच निघून जातो. म्हणून ६२०० पर्यंत मागे यावे, म्हणजे धुक्यात हलका निळा राहतो आणि खडक तरीही राखाडीच वाटतो. दुपारच्या चित्रांना ५३०० च्या आसपास ठेवून हात लावू नये. शेकोटीचा प्रकाश २००० केल्विनच्या आसपास असतो. तो पूर्ण दुरुस्त करू गेल्यास त्वचा मातकट होते आणि गडद भागात निळे कण उठतात, कारण त्या प्रकाशात निळा रंग मुळातच फार थोडा असतो. ३१०० ला सोडले तर उब राहते आणि चेहरेही वाचता येतात.

एकसंधपणा यानंतर येतो. तिन्ही गटांना एकच टोन कर्व्ह आणि रंगांच्या तीव्रतेतली सारखीच घट, समजा उणे ८, एवढेच समान ठेवावे. हिरव्याला ऑलिव्ह करणे किंवा आकाशाला मोरपंखी करणे टाळावे. माझ्या मते थंड वा उबदार यांमुळे अल्बम जुना होत नाही. प्रकाशाने जे केले नव्हते ते चित्रात घातले, की तो जुना होतो.

मंदछटा :
हे तर्काला धरून आहे, तरी मला पूर्ण पटत नाही. प्रकाशाने जे केले तेच दाखवायचे तर ग्रेडिंग करायचे कशाला? प्रवासाचा मूड कॅमेऱ्यासमोर जसाच्या तसा नसतो. त्या चार दिवसांत मनावर जी मरगळ होती ती फिकट रंगांतूनच दिसेल, आणि ती दाखवण्यासाठी मी हिरवा रंग उतरवला तर त्याला खोटेपणा म्हणता येणार नाही.

प्रकाशमापी :
खोटेपणा मी म्हटलेच नाही, लवकर ओळखू येणे म्हटले. हिरवा रंग उतरवणे वेगळे आणि त्याला पिवळ्याकडे सरकवणे वेगळे. उतरवलेला हिरवा अजूनही झाडाचा वाटतो, सरकवलेला हिरवा प्रीसेटचा वाटतो.

जुना खोका :
माझ्याकडे घरातल्या जुन्या छापांचा एक खोका आहे. सगळेच लालसर पडले आहेत, कारण अंधारात ठेवलेल्या अशा छापांतील निळसर रंगद्रव्य आधी उडते. तरीही त्यांचा काळ त्यांच्यावर दिसतो म्हणूनच ते मला आवडतात. मग अल्बम जुना दिसू नये यासाठी एवढा आटापिटा कशासाठी, हे मला खरोखर कळत नाही.

काळाकरडा :
तो काळ छापांवर आपोआप उतरला आहे, कोणी हौसेने लावलेला नाही. आपल्याला ते गोड वाटते याचे कारणही तेच असावे.

धुक्यातला वाटसरू :
काल रात्री तिन्ही गट प्रकाशमापींनी सांगितल्याप्रमाणे करून पाहिले. धुके आणि तळे शेजारी ठेवल्यावर चांगले जुळतात. शेकोटीची ३१०० वरची चित्रे मात्र आज सकाळी पाहिली तेव्हा कालच्यापेक्षा बरीच पिवळी वाटली, आकडे तर तेच आहेत.

प्रकाशमापी :
अर्धा तास पिवळ्या चित्रांकडे पाहिले की डोळे त्या छटेला सरावतात आणि आपण नकळत जास्त पिवळे करत जातो. सकाळची नजर खरी मानावी. २९०० करून पाहा आणि त्याच पानावर शेजारी दुपारचे एखादे चित्र ठेवा. पडद्याचा रात्रीचा मोड चालू राहिला नव्हता ना, हेही तपासा.

धुक्यातला वाटसरू :
चालू होता.

मंदछटा :
तरीही मी म्हणेन, शेकोटीच्या चित्रांतली तीव्रता उणे ८ वरून उणे २० करून एकदा पाहाच.