मदत हवी आहे: आज ३ लाख ७० हजार घ्यावे की वर्षाने पूर्ण ४ लाख?

टॉवेलवाला_पूर्वभाग
नमस्कार मंडळी. सोलापुरात आमचे टॉवेलचे लूम आहेत, आण्णांनी सुरू केलेले, आता मी बघतो. एका व्यापाऱ्याकडे आमचे ४ लाख अडकलेत. काल तो म्हणाला, आज हिशोब मिटवायचा तर ३ लाख ७० हजार देतो, पूर्ण पाहिजे तर पुढच्या वर्षी याच महिन्यात ४ लाख घ्या. आण्णा म्हणतात की माल आपण दिलाय, ३० हजार काय म्हणून सोडायचे, ते काय झाडाला लागतात का. मला आतून वाटतंय की आज घेतलेले बरे पण का ते आण्णांना पटवून सांगता येत नाहीये, आणि खरं सांगायचं तर मलाही नीट कळलेलं नाही. आज ३.७० जास्त की वर्षाने ४, हे ठरवतात कसं?

पगारदार_७०
सोपं आहे. महागाई. आज १०० ला मिळतं ते पुढच्या वर्षी १०५ ला मिळेल, म्हणून आजचा रुपया मोठा. आता एफडी धरा ७ टक्के. ३,७०,००० चे वर्षाने ३,९५,९०० होतात. म्हणजे ४ लाखाला ४,१०० कमीच पडतात. आण्णांचं बरोबर आहे, थांबा.

चाटीगल्लीची_सून
आमच्या लिलाव भिशीत पण असंच होतं बघा. २० जणी, महिन्याला १० हजार. पहिल्याच महिन्यात एकीने २ लाखाची भिशी १ लाख ६० ला उचलली, ४० हजार आम्ही बाकीच्यांनी वाटून घेतले. मला तेव्हा वाटलं वेडी आहे का ही. तुम्ही पण भिशी लावा, शेवटी उचला, फायदा होतो.

टॉवेलवाला_पूर्वभाग
ताई भिशी लावायची नाहीये हो, पैसे यायचेत.

हिशेबनीस
ताईंचं उदाहरण मात्र कामाचं आहे. त्या बाईला तेव्हा कुठलं तरी महिन्याला ३ रुपये टक्क्याचं कर्ज फेडायचं असेल, तर तिच्यासाठी आजचे १.६० हे नंतरच्या २ लाखापेक्षा जास्त होते. ज्या बाईचे पैसे नुसते कपाटात राहणार, तिच्यासाठी नव्हते. रक्कम तीच, पण तिची आजची किंमत हाताप्रमाणे बदलते.

पगारदार, तुमचा गुणाकार बरोबर आहे पण महागाई हे एकच कारण नाही. उद्या भाव जागच्या जागी थांबले तरी आजचा रुपया भारीच राहील, कारण तो वर्षभर कामाला लावता येतो आणि वायद्याचा रुपया येता येता बुडू शकतो. आणि एफडीचा दर तुमच्यासाठी ठीक आहे, लूमवाला कधी एफडीत पैसे ठेवतो का? टॉवेलवाले, दोनच गोष्टी सांगा, बँकेची सीसी, म्हणजे लागेल तसं उचलायचं आणि भरायचं कॅश क्रेडिट कर्ज, आहे का आणि सूत रोखीत घेता की उधारीत?

टॉवेलवाला_पूर्वभाग
सीसी आहे, ११ टक्के, लिमिट जवळपास कायम भरलेलीच. सूत उधारीत, महिन्याची मुदत. उधारीत २०० रुपये किलो पडतं, रोख दिले तर १९६ ला देतो म्हणतो, पण रोख असतात कुठं.

हिशेबनीस
आता आण्णांना असं सांगा. ३.७० लाख आज सीसीत भरले तर वर्षात साधारण ४०,७०० रुपये व्याज वाचतं. थांबण्याबद्दल व्यापारी देतोय ३०,०००. म्हणजे ३० हजार सोडायचे नाहीत म्हणून बँकेला ४० हजार द्यायचे. उलटा हिशोब केला तर, वर्षाने येणारे ४ लाख भागिले १.११, म्हणजे तुमच्या दुकानात त्याची आजची किंमत ३ लाख ६० हजार. समोर ३.७० आहेत.

अजून एक, ३० हजार ४ लाखावर धरून साडेसात टक्के म्हणू नका, इथं बरेच जण चुकतात. तुम्ही थांबवताय ते ३.७० लाख, म्हणून भागायचं ३.७० ने, ८.१ टक्के येतात.

पण खरी गोष्ट सुतात आहे. १९६ रुपये महिनाभर उशिरा द्यायचे म्हणून तुम्ही ४ रुपये जास्त मोजता, म्हणजे महिन्याला २ टक्के. वर्षाचे २४ च्या वर जातात. हे व्याज कुठल्याच पासबुकात दिसत नाही, भावात मुरलेलं असतं. तुमचा पैशाचा खरा दर ११ नाही, हा आहे.

टॉवेलवाला_पूर्वभाग
बाप रे. हे कधी असं बघितलंच नव्हतं, आम्ही सूत महाग झालं म्हणून बसायचो. आण्णांना कागदावर मांडून दाखवलं, बराच वेळ गप्प बसले मग म्हणाले विचार करू. पण आज व्यापाऱ्याचा परत फोन आला, आता म्हणतो २ लाख रोख घ्या आणि राहिलेल्या २ लाखाचे १० चेक, दर महिन्याला २० हजारांचा एक, पहिला पुढच्या महिन्यात. म्हणजे पूर्ण ४ लाख. हे कसं मोजायचं?

हिशेबनीस
दहा चेक १ ते १० महिन्यांत येणार, म्हणजे सरासरी साडेपाच महिने थांबायचं. तुमचा सुताचा दर महिन्याला २ टक्के, म्हणजे ११ टक्के. २ लाख भागिले १.११, साधारण १ लाख ८० हजार. वर रोख २ लाख. आजची किंमत ३ लाख ८० हजार, म्हणजे ३.७० पेक्षा चांगलं. सीसीच्या ११ टक्क्याने मोजलं तर ३ लाख ९० हजार येतात. दोन्ही बाजूंनी हे सरस.

पगारदार_७०
मग घ्या की, प्रश्नच मिटला. मघाशी माझा दर चुकला हे मान्य.

मंगळवेढ्याचा_वकील
मिटला नाही. वरचा हिशोब दहाच्या दहा चेक वटतील असं धरून आहे. चेक परत आला तर कलम १३८ आहे, बँकेची मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, पुढे पैसे द्यायला त्याला १५ दिवस, नाही दिले तर केस. पण केस म्हणजे तारखा, आणि तारखा म्हणजे परत तेच, पैसे उशिरा. हिशेबनीस, किती चेक परत आले तर ३.७० च बरे होते?

हिशेबनीस
बरोबर विचारलंत. सीसीच्या दराने मोजलं तर शेवटचा एक बुडाला तरी ३ लाख ७२ हजार पडतात, चालतं, दोन बुडाले की ३.७० च्या खाली गेलात. सुताच्या दराने मोजलं तर एकही बुडून चालत नाही, नवातच ३ लाख ६३ हजारांवर येता. म्हणून माझं मत असं की एकूण रकमेवर भांडू नका, रोख वाढवून मागा. २ च्या जागी ३ लाख रोख आणि ८५ हजारांचे पाच चेक करा, एकूण ३.८५ झाले तरी चालेल.

मंगळवेढ्याचा_वकील
८५ हजारांचा एक एक चेक का एकूण?

हिशेबनीस
एकूण ८५, एकेक १७ हजारांचा. लिहिताना घाई झाली.

चाटीगल्लीची_सून
भाऊ, त्या व्यापाऱ्याचा चेक आधी कधी परत आलाय का?

टॉवेलवाला_पूर्वभाग
एकदा आलाय ताई, मागच्या दिवाळीच्या आधी. आठ दिवसांनी रोख आणून दिले होते त्याने स्वतः. आण्णा म्हणतात माणूस चांगला आहे, हात अडकलाय. मला त्या एका चेकचं काय धरायचं तेच कळंना झालंय. शनिवारी जातोय त्याच्याकडं, ३ लाख रोख मागून बघतो, काय झालं ते इथंच टाकतो.