मदत हवी आहे: सीव्हीतली इंटर्नशिपची ओळ परत आली, उद्या शेवटची तारीख

घाईत_आहे: एमबीए दुसरं वर्ष, फायनान्स. प्लेसमेंट समितीने ही ओळ 'पुरावा द्या' म्हणून परत पाठवली: "वितरकांच्या उधारीचा अभ्यास करून कंपनीचे ८ कोटी वाचवले." आकडा खरा आहे! शिवाय तीन लाइव्ह प्रोजेक्ट आणि एका केस स्पर्धेची अंतिम फेरी. एका पानात कसं बसवू?

जुना_खातेदार: कन्सल्टिंग की फायनान्स? आणि ८ कोटी आले कुठून?

घाईत_आहे: दोन्हीकडे अर्ज आहे. विक्री वर्षाला ३६५ कोटी, वसुली ५२ दिवसांवरून ४४ वर.

पहिली_पातळी: सीएफएची पहिली पातळी देऊन टाक. मी दिली, सीव्हीचं कुणी विचारलंच नाही.

जुना_खातेदार: त्याला उद्यापर्यंत ओळ हवीय, परीक्षा नको. वसुली ४४ वर आली, की येऊ शकते असं तू सुचवलंस?

घाईत_आहे: सुचवलं. आठ आठवड्यांत अंमलबजावणी कशी होणार?

जुना_खातेदार: मग 'वाचवले' काढ. रोजची विक्री १ कोटी, म्हणून ८ दिवसांचे ८ कोटी उधारीतून मोकळे होतील, तेही एकदाच. तो नफा नव्हे. दरवर्षी वाचेल ते त्यावरचं व्याज. ९ टक्के धरलं तर ७२ लाख. फायनान्सच्या मुलाखतीत पहिला घाव इथेच बसतो.

केसवाली: कन्सल्टिंगवाले आकड्यापेक्षा तू प्रश्न कसा फोडलास ते बघतात. वसुली लांबत का होती?

घाईत_आहे: १४० वितरकांची बिलं पाहिली. बरेच जण योजनेच्या सवलतीची क्रेडिट नोट येईपर्यंत पूर्ण बिलच अडवून धरायचे. क्रेडिट नोटला कंपनीतच तीन सह्या लागायच्या.

केसवाली: अरे, हेच तर लिहायचं! उशीर वितरकांचा नव्हता, कंपनीचाच होता.

जुना_खातेदार: सगळा नसणार. बाजारात माल पडून असला की वितरक क्रेडिट नोटचं निमित्तही करतो. तो फरक तपासला होतास का? विचारतील.

नवखा२: प्रवेशाच्या मुलाखतीला लाइव्ह प्रोजेक्ट चालतात का?

केसवाली: धागा वेगळा आहे. घाईत, तीनपैकी ज्याच्यावर दहा मिनिटं बोलता येईल तो एकच प्रोजेक्ट ठेव. स्पर्धेत किती संघांतून अंतिम फेरी आणि तुझं काम काय, तेवढंच.

पहिली_पातळी: तीनही ठेव, पान भरलेलं दिसतं.

घाईत_आहे: बघा: "१४० वितरकांची बिलं तपासून वसुलीच्या उशिराचं मुख्य कारण प्रलंबित क्रेडिट नोट असल्याचं दाखवलं, सह्या तीनवरून एकीवर आणण्याची शिफारस, ८ कोटी खेळतं भांडवल मोकळं होण्याचा अंदाज."

जुना_खातेदार: 'अंदाज' राहू दे. शिफारस स्वीकारल्याचा मार्गदर्शकांचा मेल असेल तर समितीला जोड.

घाईत_आहे: मेल कंपनीच्या खात्यावर होता, ते बंद झालंय. मार्गदर्शकांना मेसेज टाकलाय, अजून उत्तर नाही.