सात वर्षांचा स्मार्ट टीव्ही: स्टिक घ्यावी की त्यातल्याच अ‍ॅपवर भागवावे?

रानफूल:
आमच्याकडे २०१८ सालचा फोर-के स्मार्ट टीव्ही आहे. पडदा अजून उत्तम आहे, त्यामुळे तो बदलण्याचा प्रश्नच नाही. तक्रार आहे ती त्यातल्या अ‍ॅपची. रिमोटचे बटण दाबल्यानंतर पडद्यावरची चौकट पुढच्या कार्यक्रमावर सरकायला दोन-तीन सेकंद लागतात. आम्ही वापरत असलेल्या तीन अ‍ॅपपैकी एकाने, या उपकरणावर ते यापुढे चालणार नाही, अशी सूचना दाखवली आहे. शिवाय रात्रीच्या वेळी चित्र मधूनच धूसर होते आणि काही मिनिटांनी आपोआप सुधारते. घरात टीव्ही मुख्यतः सासूबाई पाहतात आणि त्यांना एकाच रिमोटची सवय आहे. खर्चाची तयारी एखाद्या साध्या स्टिकइतकीच आहे, त्याहून अधिक नाही. स्टिक घेतल्याने या तक्रारी खरोखर जातील का?

मनमौजी:
माझे स्पष्ट मत आहे की सात वर्षांच्या टीव्हीवर एक पैसाही खर्च करू नये. आम्ही नुकताच ६५ इंची टीव्ही घेतला असून त्यातली अ‍ॅप इतकी चपळ आहेत की स्टिकची आठवणही होत नाही. थोडे पैसे साठवा आणि थेट नवाच घ्या.

हिशेबी:
मनमौजी, खर्चाची मर्यादा त्यांनी पहिल्याच परिच्छेदात लिहिली आहे. रानफूल, तुम्ही डोळे मिटून स्टिक घ्या. आमचा टीव्ही तुमच्याहून जुना आहे आणि स्टिक लावल्यापासून तो नव्यासारखा चालतो. तुमच्या तिन्ही तक्रारी एका फटक्यात जातील, कारण स्टिकचे वाय-फाय टीव्हीपेक्षा नेहमीच चांगले असते.

जुना_तंत्रज्ञ:
हिशेबींचा निष्कर्ष बरोबर ठरू शकेल, परंतु त्यामागचे कारण मला पटत नाही. रानफूल यांच्या तक्रारी तीन आहेत आणि त्यांची मुळे वेगवेगळी असण्याची शक्यता अधिक आहे.

चौकट हळू सरकते, ही बहुधा टीव्हीच्या प्रोसेसरची आणि मेमरीची अडचण आहे. टीव्ही बनवताना पडद्यावर जेवढा खर्च होतो, त्या मानाने आतल्या चिपवर फार थोडा होतो. अ‍ॅप मात्र दरवर्षी जड होत जातात. बंद पडलेले अ‍ॅप हा सर्वस्वी अ‍ॅपवाल्यांचा निर्णय आहे आणि त्यावर टीव्हीच्या मालकाला काही करता येत नाही. या दोन्ही बाबतींत स्टिकचा उपयोग होईल, कारण स्टिक लावल्यावर टीव्ही केवळ पडदा म्हणून काम करतो.

धूसर होणारे चित्र ही मात्र जवळजवळ नक्कीच नेटच्या वेगाची बाब आहे. वेग कमी झाला की अ‍ॅप आपणहून कमी स्पष्टतेचे चित्र मागवते. स्टिक टीव्हीच्या मागे, भिंत आणि धातूच्या पत्र्याच्या मधल्या सापटीत बसते, त्यामुळे तिला मिळणारी वाय-फायची लहर कधीकधी टीव्हीपेक्षाही क्षीण असते. बहुतेक स्टिकसोबत एचडीएमआयची लहानशी जोडवायर येते, ती स्टिकला या सापटीतून थोडे बाहेर काढण्यासाठीच असते.

म्हणून खरेदीपूर्वी दोन गोष्टी पाहाव्यात. एक, कोणताही कार्यक्रम चालू नसताना टीव्हीच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये फिरून बघा, तिथेही चौकट अडखळते का. दोन, रात्री चित्र धूसर होईल तेव्हा फोन टीव्हीच्या अगदी शेजारी धरून, त्याच वाय-फायवर, तोच कार्यक्रम लावा. फोनवरही तो धूसर दिसला तर दोष टीव्हीचा नाही.

लांबचा_प्रवासी:
स्टिकमध्ये चित्रपट भरून टीव्हीला लावणे हा उत्तम उपाय आहे, मी वर्षानुवर्षे तेच करतो आणि त्याला नेटही लागत नाही. फक्त ती एफएटी-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेली असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल तिच्यावर चढत नाही, हे ध्यानात ठेवावे.

हिशेबी:
प्रवासी, तुम्ही पेनड्राइव्हबद्दल बोलत आहात. इथे एचडीएमआयच्या खाचेत बसणाऱ्या स्टिकबद्दल चर्चा चालू आहे.

निर्मला_वाचते:
मला स्टिकचा जो अनुभव आला तो सांगते. खाचेत बसवली, तिची वीजवायर टीव्हीच्याच यूएसबीला जोडली आणि सगळे नीटनेटके दिसले. त्यानंतर चित्रपट ऐन रंगात आला की स्टिक आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू व्हायची. आम्ही नेटला दोष दिला, अ‍ॅप काढून पुन्हा घातले, पण फरक पडला नाही. शेवटी खोक्यात राहिलेला तिचा स्वतःचा अ‍ॅडॅप्टर भिंतीच्या सॉकेटला लावला आणि त्रास संपला.

हिशेबी:
आमची स्टिक पहिल्या दिवसापासून टीव्हीच्या यूएसबीवर चालते आणि कधीही बंद पडलेली नाही. तुमची स्टिकच सदोष असावी.

जुना_तंत्रज्ञ:
ती सदोष असेलच असे नाही. टीव्हीवरचे साधे यूएसबी २.० पोर्ट नियमाप्रमाणे ५ व्होल्टला ०.५ अँपिअर देते, तर स्टिकसोबतचा अ‍ॅडॅप्टर सहसा १ अँपिअर किंवा त्याहून अधिक देणारा असतो. साधे चित्र चालू असताना ०.५ मध्ये भागते. फोर-के सुरू झाले किंवा मागे अपडेट उतरू लागले, की तेवढी वीज पुरत नाही. काही टीव्हींचे पोर्ट नियमापेक्षा अधिक वीज देते, हिशेबींचे तसे असेल. चित्र धूसर न होता एकदम काळा पडदा येऊन स्टिकचे बोधचिन्ह दिसू लागले, तर आधी विजेचा संशय घ्यावा, नेटचा नव्हे. आणखी एक, काही टीव्ही बंद होताना यूएसबीची वीजही तोडतात. अशा टीव्हीवर स्टिक रोज शून्यापासून सुरू होते आणि ज्या विलंबासाठी ती घेतली तोच विलंब दुसऱ्या रूपात परत येतो.

पडदाप्रेमी:
एका मुद्द्याकडे कुणाचेच लक्ष गेलेले नाही याचे आश्चर्य वाटते. बहुतेक चित्रपट सेकंदाला २४ चित्रांचे असतात. टीव्हीतल्या अ‍ॅपला हे ठाऊक असते आणि पडदा त्यानुसार चालतो. अनेक स्टिक मात्र सगळे काही सेकंदाला ६० च्या वेगाने बाहेर पाठवतात. ६० ला २४ ने पूर्ण भाग जात नाही, म्हणून एक चित्र तीनदा आणि पुढचे दोनदा दाखवावे लागते. कॅमेरा संथपणे आडवा फिरत असला की हा हिसका स्पष्ट दिसतो. ज्याला चित्रपटाची आवड आहे त्याने टीव्हीतलेच अ‍ॅप वापरावे, असे माझे ठाम मत आहे.

मनमौजी:
असा हिसका मला आजवर कधीच दिसलेला नाही. हे सगळे मनाचे खेळ आहेत.

पडदाप्रेमी:
आपल्याला दिसत नसेल तर आपण भाग्यवान आहात, परंतु त्यावरून तो नसतो असे सिद्ध होत नाही.

जुना_तंत्रज्ञ:
हिसका खरा आहे, मात्र तो टाळता न येण्याजोगा नाही. काही स्टिकमध्ये `Match Original Frame Rate` अशी सेटिंग असते, ती सुरू केल्यास स्टिक चित्रपटाचाच वेग पाठवते. अडचण इतकीच की सगळी अ‍ॅप तिला जुमानत नाहीत, आणि वेग बदलताना पडदा क्षणभर काळा होतो. अनेक टीव्ही ६० मधून मूळ २४ चित्रे स्वतः ओळखून काढतात. रानफूल यांचा टीव्ही ते करतो का, हे इथे बसून सांगता येणार नाही.

निर्मला_वाचते:
सासूबाईंच्या रिमोटविषयी कुणी बोललेच नाही. आमच्याकडे दोन रिमोट झाले आणि त्यावरून रोज हाका मारल्या जातात.

हिशेबी:
टीव्हीच्या सेटिंगमध्ये सीईसी सुरू केले की एकच रिमोट पुरतो. सॅमसंगमध्ये त्याला एनीनेट प्लस म्हणतात, एलजीमध्ये सिंपलिंक आणि सोनीमध्ये ब्राव्हिया सिंक. टीव्हीच्या रिमोटच्या बाणांनी आमची स्टिक चालते.

निर्मला_वाचते:
बाण चालतात हे मान्य आहे, परंतु टीव्ही चुकून दुसऱ्या इनपुटवर गेला की परत यायचे कसे, हे वयस्कर माणसाला कोण समजावणार?

रानफूल:
सर्वांचे मनापासून आभार. तंत्रज्ञांनी सांगितलेल्या दोन्ही गोष्टी पाहिल्या. चौकट टीव्हीच्या सेटिंगमध्येही अडखळत होती. तिथेच लक्षात आले की टीव्हीतली जागा जवळजवळ पूर्ण भरलेली आहे, कारण कुणीही न उघडलेली खेळांची आणि बातम्यांची कितीतरी अ‍ॅप त्यात पडून होती. काढता येतील तेवढी काढली आणि टीव्हीचा प्लग काही मिनिटे काढून ठेवला. आता चौकट नव्या टीव्हीसारखी धावत नाही, पण बटण दाबल्यावर लगेच हलते.

रात्रीच्या धूसरपणाचे म्हणाल, तर शेजारी धरलेल्या फोनवरही चित्र तसेच होते. राउटर शेजारच्याच खोलीत असल्याने आम्ही सरळ लॅन वायर ओढून टीव्हीला जोडली. तेव्हापासून चित्र धूसर झालेले नाही.

राहता राहिले बंद झालेले अ‍ॅप. सासूबाई ते पाहतच नव्हत्या आणि आम्ही दोघे ते फोनवर पाहतो. त्यामुळे सध्या स्टिक घ्यायची नाही, असे ठरवले आहे.

हिशेबी:
हा निर्णय मला अजिबात पटलेला नाही. आज एक अ‍ॅप गेले, उद्या दुसरे जाईल. नेटफ्लिक्सने डिसेंबर २०१९ मध्ये सॅमसंगच्या काही जुन्या टीव्हींवरची सेवा थांबवली होती, हे विसरू नका. तुम्हालाही अखेर स्टिकच घ्यावी लागेल.

जुना_तंत्रज्ञ:
त्याच वेळी रोकूच्या काही जुन्या उपकरणांवरचीही थांबवली होती. मार्च २०२५ मध्ये दुसऱ्या पिढीची क्रोमकास्ट जगभर एकाएकी चालेनाशी झाली, कारण तिच्यातल्या एका सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत संपली होती. दुरुस्ती आली, पण तोवर लोकांना थांबावे लागले. आयुष्य स्टिकलाही असते. फरक एवढाच की ती गेली तर पडदा फेकावा लागत नाही, आणि स्टिकची बाजू मी घेतो ती याच कारणासाठी.

रानफूल, तुमचा निर्णय माझ्या सल्ल्याच्या विरुद्ध असला तरी त्यात मला चूक दिसत नाही. पुढे स्टिक घ्यावी लागलीच, तर टीव्हीच्या माहितीपुस्तिकेत पाहून, फोर-केसाठी एचडीसीपी २.२ असलेल्या खाचेतच ती लावा. त्या काळातल्या बऱ्याच टीव्हींत सगळ्या खाचा सारख्या क्षमतेच्या नसतात.

मनमौजी:
टीव्हीतले लॅन पोर्ट बहुधा १०० एमबीपीएसचेच असते, म्हणजे वाय-फायपेक्षा कमी. वायर ओढून उपयोग काय झाला?

जुना_तंत्रज्ञ:
फोर-केसाठी नेटफ्लिक्स स्वतः १५ एमबीपीएस पुरेसे मानते. इथे कमाल वेगापेक्षा तो अखंड मिळणे महत्त्वाचे आहे, आणि ते वायरवर मिळते.

पडदाप्रेमी:
टीव्हीतलीच अ‍ॅप वापरण्याचा निर्णय झाला याचा आनंद आहे, मग त्याचे कारण काहीही असो.

निर्मला_वाचते:
रानफूल, प्लग काढून ठेवल्याने अ‍ॅपमधली लॉगिन जातात का? आमचा टीव्ही रिमोटनेच बंद होतो, प्लग कधी काढलेलाच नाही.

रानफूल:
नाही, लॉगिन तशीच राहिली. फक्त टीव्हीवरचे घड्याळ चुकीची वेळ दाखवत होते आणि तोवर एक अ‍ॅप जोडले जात नव्हते. नेट मिळाल्यावर घड्याळ आपोआप बरोबर झाले आणि ते अ‍ॅपही उघडले.