प्रतिसाद: कोश झाला, पुढे काय?

"व्याकरण आणि कोश तयार झाले की बोली प्रमाण होतेच ना?"

नाही, लोकांनी ती स्वीकारणे वेगळेच असते. नॉर्वेत ईवार ओसेन या भाषाभ्यासकाने 1842 पासून गावोगाव फिरून बोली टिपल्या. प्रमाण भाषेसाठी रूपांची निवड करताना त्याने डॅनिश वळणाची शहरी भाषा टाळली आणि मुख्यतः पश्चिमेकडच्या ग्रामीण बोलींतून समान रूपे घेतली. 1848 ला व्याकरण, 1850 ला कोश आला. पुढे त्या भाषेत साहित्य, वृत्तपत्रे, पाठ्यपुस्तके निघाली, म्हणजे विस्तारही झाला. 1885 मध्ये संसदेने तिला बरोबरीचा दर्जा दिला. तरी शहरांतला लिहिता वर्ग डॅनिशवर आधारलेल्या भाषेलाच धरून राहिला. आज नीनॉर्स्क, म्हणजे ओसेनच्या त्या भाषेचे आजचे रूप, लिहिणारे अल्पसंख्यच आहेत. माझ्या मते खरी गाठ निवडीतच पडली: सत्ता, व्यापार आणि शिक्षण ज्यांच्या हाती होते, त्यांची बोली तिच्यात नव्हती.