युरिक ॲसिड ६.१, एक्स-रे नॉर्मल, तरी गाउट कसा?

रानवारा: बाबांचं वय ५८. परवा पहाटे उजव्या पायाचा अंगठा ठणकायला लागला आणि उजाडेपर्यंत टरारून सुजला. फोटो आणि एक्स-रे टाकलेत. युरिक ॲसिड ६.१ आलंय, एक्स-रेत हाडं नॉर्मल. तरी डॉक्टर गाउट म्हणतात. माझ्या मते रिपोर्ट नॉर्मल असताना असं ठरवणं म्हणजे अंदाजपंचे काम. तुम्हाला काय वाटतं?

पेठकर: शंभर टक्के सहमत. आमच्या मामांचा गाउट बारा वर्षांचा जुना. त्यांच्या एक्स-रेत अंगठ्याच्या सांध्याशेजारचं हाड उंदरानं कुरतडल्यासारखं दिसतं. तुमच्या एक्स-रेत तसलं काहीच नाही. गाउट असता तर दिसला नसता का?

शुभ्रा: पेठकर, वर्णन अचूक आहे, पण तो बारा वर्षांनंतरचा एक्स-रे आहे. हाड खाल्लं जायला वर्षं लागतात. पहिल्या झटक्यात हाड आणि सांध्यातलं अंतर ठीकच असतं. मी संधिवाताच्या ओपीडीत आहे, असे एक्स-रे नेहमी बघते. रानवारा, तुमच्या फिल्ममध्ये अंगठ्याच्या बुडाशी, सांध्याच्या आतल्या बाजूला मांसाची सावली फुगलेली आहे. एवढंच दिसणं अपेक्षित होतं. आता फोटो बघा. लाली नखाजवळ नाही, सांध्यावर आहे, कातडी ताणून चकाकतेय. झोपेतून उठवणारं दुखणं, काही तासांत कळस, अंगावरची चादरसुद्धा तिथे टेकू न देणं, हे सगळं झालं असेल तर माझं मत डॉक्टरांच्या बाजूनं.

रानवारा: चादरीचं खरंच तसं झालं. पण मग ६.१ चं काय?

शुभ्रा: रक्त ऐन झटक्यात काढलंय. सूज पेटलेली असताना मूत्रपिंडं युरिक ॲसिड जास्त बाहेर टाकतात, त्यामुळे तेवढ्या दिवसांत आकडा खाली येतो. रक्तात साधारण ६.८ च्या वर ते विरघळून राहत नाही, स्फटिक सांध्यात साठत जातात. आज आकडा उतरला म्हणून आधी साठलेले स्फटिक निघून जात नाहीत. झटका ओसरल्यावर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तपासा.

सुलभा: माझं तर ८.४ आलंय! तूरडाळ, पालक, टोमॅटो सगळं बंद केलं, गोळीही घेतेय. अंगठा मात्र कधीच दुखला नाही. माझा गाउट आतल्या आत आहे का?

शुभ्रा: सुलभाताई, आकडा वाढलेल्या बहुतेकांना गाउट कधीच होत नाही. डाळ-पालकानं त्याचा धोका वाढल्याचंही दिसलेलं नाही. दारू, विशेषतः बिअर, मटण आणि मासळीचं तसं नाही. गोळी कशासाठी दिलीय ते डॉक्टरांना विचारा. मुतखडा असेल तर कारण वेगळं असू शकतं, म्हणून परस्पर बंद करू नका.

सुलभा: डाळ चालते? आमच्या लॅबवाल्यांनीच बंद करायला सांगितली होती!

काचपट्टी: मी पॅथॉलॉजीत आहे आणि मला दोन्ही बाजू पटत नाहीत. नुसत्या फोटोवर गाउट म्हणणंही चूकच. सांध्यात पू झाला तरी अंगठा असाच लाल दिसतो. सुईनं सांध्यातलं पाणी काढा, पोलराइज्ड मायक्रोस्कोपखाली सुईसारखे स्फटिक दिसले की वाद मिटला. आणि स्फटिक दिसले तरी कल्चर लावा, दोन्ही एकदम असू शकतं.

शुभ्रा: खात्रीचा पुरावा तोच, मान्य. पण अंगठ्याच्या सांध्यातून जेमतेम थेंबभर निघतं, आणि ते मायक्रोस्कोप तालुक्याच्या गावी कुठून आणायचं? ताप, थंडी, जवळ जखम, बेताबाहेरचा मधुमेह, यातलं काही असेल तर मात्र सुई घातलीच पाहिजे.

काचपट्टी: ताप नाही म्हणून जंतू नाहीत, असं होत नाही. थेंबही पुरतो. शंका असेल तर रुग्णाला मोठ्या गावी पाठवा.

रानवारा: ताप नव्हता, मधुमेह नाही. डॉक्टरांनी कोल्चिसिन दिलं, सूज आठवड्यात उतरली. तीन आठवड्यांनी रक्त पुन्हा तपासलं, ८.३ आलं. माझा हट्ट सोडला. आता युरिक ॲसिड उतरवणारं ॲलोप्युरिनॉल लगेच सुरू करावं का?

पेठकर: लगेच करा. मामांनी उशीर केला, म्हणूनच हाड गेलं.

शुभ्रा: मी थांबेन. पहिलाच झटका आहे, आकडा ९ च्या आत. क्रिएटिनिन ठीक असेल आणि मुतखडा नसेल तर घाई नको. बाबा बीपीची गोळी घेतात का? पाकिटावर नावापुढे ‘एच’ आहे का बघा.

रानवारा: हो, टेल्मिसार्टन-एच.

शुभ्रा: त्यातला ‘एच’ लघवी वाढवणारा आहे आणि युरिक ॲसिडही चढवतो. त्याऐवजी लोसार्टन चालेल का, ते डॉक्टरांना विचारा. त्यानं युरिक ॲसिड थोडं उतरतं. महिना-दीड महिन्यानं आकडा बघा, मग ॲलोप्युरिनॉलचं ठरवा.

पेठकर: आणि तेवढ्यात दुसरा झटका आला तर?

शुभ्रा: तर सुरू करायला कारण मिळेल, १०० मिलिग्रॅमपासून, सोबत काही महिने कमी डोसचं कोल्चिसिन. ॲलोप्युरिनॉल सुरू केल्यावर पहिल्या काही महिन्यांत झटके उलट वाढू शकतात, तेव्हा घाबरून गोळी सोडायची नसते.

पेठकर: मामांनी नेमकी तेव्हाच सोडली होती. तरी माझं मत आत्ताच सुरू करा असंच आहे.